बाळाच्या आईलाच फ्लू झाला तर: तान्हं बाळ आणि आजी-आजोबा असलेल्या घरात विलगीकरण

घरात कुणाला फ्लू झाला की सल्ला ठरलेला असतो: आजारी माणसाला वेगळ्या खोलीत ठेवा. पण आजारी माणूस अंगावर पाजणारी आई असेल, बाळ चार महिन्यांचं असेल आणि एरवी त्याला सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा सांभाळत असतील, तर हा सल्ला पहिल्या दुधाच्या वेळेलाच मोडतो. बाळ आईकडे जातं, तिथून आजीच्या मांडीवर, तिथून आजोबांच्या खांद्यावर. फ्लूच्या विषाणूला याहून सोपी वाट मिळणार नाही.

म्हणून अशा घरात मुख्य दरवाजा आई आणि बाळ यांच्यामध्ये नसतो, बाळ आणि आजी-आजोबा यांच्यामध्ये असतो. आई-बाळाचा संपर्क कमी करता येतो, पूर्ण तोडणं बहुतेक घरांना जमत नाही आणि त्याची गरजही नसते. आजी-आजोबांचा बाळाशी असलेला संपर्क मात्र काही दिवस पूर्ण तोडता येतो. हे मनाला पटायला जड जातं, कारण आई आजारी पडली की आजीनेच बाळ घ्यायचं अशी सगळ्यांची सवय असते. पण बाळाला फ्लूची लागण झाली, तर लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त दिवस विषाणू बाहेर टाकत राहतात, आणि आजारपण दिसायच्या आदल्या दिवसापासूनच टाकू लागतात. हसतं-खेळतं बाळ आजीच्या हातात दिलं, तरी ते सुरक्षितच आहे असं धरता येत नाही.

पुढची मांडणी एका ठरावीक घरासाठी आहे: आजारी आई, निरोगी बाबा, चार महिन्यांचं बाळ आणि आजी-आजोबा. खोल्या तीन. तुमच्या घरात आजारी बाबा असतील तर काम बरंच सोपं होतं. त्यांनी खोलीत जावं, बाळ आईकडेच राहावं, आणि बाकी सगळं तसंच लागू पडतं.

आधी घड्याळ लावा

ज्या दिवशी पहिलं लक्षण आलं तो दिवस शून्य. समजा, सोमवारी संध्याकाळी सहाला आईला थंडी वाजून ताप आला, अंग मोडून आलं, कोरडा खोकला सुरू झाला. मग सोमवार हा शून्य दिवस. फ्लूचा माणूस लक्षणं येण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून संसर्गजन्य असतो, म्हणजे रविवार संध्याकाळपासूनच घरात प्रसार होऊ शकत होता. नंतर पाच ते सात दिवस तो चालू राहतो, आणि सगळ्यांत जास्त जोर पहिल्या तीन दिवसांत असतो. त्यामुळे जी काही कडक शिस्त पाळायची ती सोमवार रात्र ते गुरुवार. पहिले दोन दिवस 'साधा ताप असेल, बघू' म्हणून घालवले आणि बुधवारी खोली वेगळी केली, तर निम्मं काम हातातून गेलेलं असतं.

लागण झाल्यापासून लक्षणं यायला एक ते चार दिवस लागतात. आजी-आजोबांचा आईशी शेवटचा मोकळा संपर्क सोमवारी संध्याकाळी झाला असेल, तर त्यांच्यावर शुक्रवार संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवायचं. बाळाचं घड्याळ मात्र दर दुधाच्या वेळेला पुन्हा शून्यावर येतं, हे लक्षात ठेवा. हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलेलं बरं. तापात आणि जागरणात वार विसरायला होतात.

आजी-आजोबांना दुसऱ्या नातेवाइकांकडे पाठवावं का, हा प्रश्न लगेच निघतो. रविवारपासून ते याच घरात होते, म्हणजे लागण झालेलीही असू शकते. तिकडे लहान मुलं किंवा दुसरं कुणी नाजूक प्रकृतीचं असेल, तर आजार तिकडे पाठवल्यासारखं होईल. तिकडे एखादी खोली स्वतंत्र मिळत असेल आणि चार दिवस वेगळं राहता येणार असेल, तरच पाठवावं.

पहिल्याच रात्री डॉक्टरांना फोन

फ्लूवरचं विषाणूरोधक औषध लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत घेतलं तर सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं. म्हणून बुधवारची अपॉइंटमेंट घेऊन बसू नका. फोनवर तीन माणसांसाठी तीन वेगळे प्रश्न विचारा.

आईसाठी: ओसेल्टामिव्हिर सुरू करायचं का? अंगावर पाजत असताना हे औषध चालतं. बाळंतपणाला दोन आठवडेही झाले नसतील, तर आई स्वतःच जोखमीच्या गटात येते, तेव्हा ते आवर्जून सांगा.

आजी-आजोबांसाठी: त्यांना हेच औषध प्रतिबंधक म्हणून द्यायचं का? प्रतिबंधासाठी दिवसातून एकदा देतात, उपचारासाठी दोनदा. मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून त्यांचा क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट हाताशी ठेवूनच फोन करा. आईच्या पाकिटातल्या गोळ्या त्यांना काढून देऊ नका.

बाळासाठी: ताप आला तर कुणाला, किती वाजता, कुठे दाखवायचं? सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, त्यामुळे आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सोडली तर त्याच्याकडे दुसरं संरक्षण नसतं. फोन करताना बाळाचं ताजं वजन सांगा, कारण तान्ह्या बाळाची प्रत्येक मात्रा वजनावर ठरते.

घरी किंवा दवाखान्यात केलेली झटपट चाचणी निगेटिव्ह आली, तरी लगेच निर्धास्त होऊ नये. या चाचण्यांतून फ्लूचे बरेच रुग्ण सुटतात. लक्षणं फ्लूची असतील तर विलगीकरण चालूच ठेवा.

घराचे तीन भाग

पहिला भाग आईचा: दार लागणारी आणि खिडकी बाहेर उघडणारी खोली, शक्य तर स्वतःच्या बाथरूमची. दुसरा भाग बाळ आणि बाबांचा. तिसरा आजी-आजोबांचा, आणि स्वयंपाकघर त्यांच्याकडे. पहिल्या आणि दुसऱ्या भागात ये-जा फक्त बाबांची. तिसऱ्या भागात बाबा जात नाहीत, आजी-आजोबा दुसऱ्यात येत नाहीत.

स्वयंपाक आजी-आजोबांकडे का, असं वाटेल. त्यांना झेपत असेल तर तीच सोय बरी, कारण दिवसभर बाळ आणि आजारी आई यांच्यात फिरणारे बाबा हे घरातले सगळ्यांत संशयास्पद निरोगी गृहस्थ असतात. ताटं दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायची, ठेवणारा गेल्यावर बाबांनी उचलायची. उष्टी भांडी बाबांनी स्वतः साबणाने धुवायची. भांडी किंवा कपडे वेगळे उकळण्याची गरज नसते. फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते फुटतं.

बाथरूम एकच असेल, तर आईने सगळ्यांच्या शेवटी जावं, मास्क लावून जावं, नंतर एक्झॉस्ट चालू आणि खिडकी उघडी ठेवावी. टूथब्रश, टॉवेल आणि पाण्याची बाटली खोलीतच. नळ, फ्लशचं बटण, कडी आणि दिव्याचं बटण या चार जागा साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायच्या. फरशी घासत बसू नका, तिथे वेळ जातो आणि लाभ थोडा. कडक पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवस तग धरतो खरा, पण घरात त्याचा मोठा प्रसार जवळच्या श्वासातून आणि खोकल्यातून होतो. ताकद तिकडे लावा.

हवा कुठे जाते ते तपासा

खिडकी उघडली म्हणजे काम झालं, असं बहुतेक घरं धरतात. गडबड इथेच होते. खिडकीतून वारा आत येत असेल, तर आईच्या खोलीतली हवा दाराच्या फटीतून घरात ढकलली जाते, आणि उघडी खिडकी उलटं काम करते.

तपासायला टिश्यूपेपरची बोटभर रुंद पट्टी पुरते. दार दोन बोटं उघडं ठेवा आणि बाहेर उभं राहून पट्टी फटीसमोर सैल धरा. पट्टी खोलीच्या आत ओढली गेली तर हवा घराकडून खोलीत आणि तिथून बाहेर जाते आहे. हेच हवं. पट्टी तुमच्या अंगावर आली तर दिशा उलटी आहे.

उलटी असेल तर टेबलफॅन खिडकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवा, म्हणजे तो खोलीतली हवा बाहेर फेकेल. खिडकीची उरलेली उघडी जागा पुठ्ठ्याने झाका, नाहीतर फेकलेली हवा शेजारूनच परत येते. बाकीच्या खोल्यांची एखादी खिडकी थोडी उघडी हवी, कारण बाहेर गेलेल्या हवेच्या जागी नवी यायला वाट लागते. मग पुन्हा पट्टी धरून बघा. आईच्या बाथरूमला एक्झॉस्ट असेल तर तो दिवसरात्र चालू ठेवला तरी हेच साधतं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. स्वयंपाकघरातली चिमणी किंवा एक्झॉस्ट लावला की तो सगळ्या घरातली हवा आपल्याकडे ओढतो, आईच्या खोलीतलीसुद्धा. स्वयंपाक चालू असताना पट्टी पुन्हा धरून पाहा. दिशा पलटत असेल तर तेवढा वेळ आईचं दार घट्ट लावा, खालच्या फटीत टॉवेल गुंडाळून घाला आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडा. स्प्लिट एसीच्या भरवशावर राहू नका. तो खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो.

बाळाला पाजताना

फ्लूचा विषाणू दुधातून बाळाकडे जात नाही. धोका असतो तो आईच्या श्वासाचा, खोकल्याचा आणि हातांचा. दुधातून उलट बाळाला संरक्षक घटक मिळतात, म्हणून पाजणं बंद करू नये. मार्ग दोन आहेत.

पहिला, दूध काढून बाबांनी पाजायचं. खोकला सारखा येत असेल तर पहिले तीन दिवस हा मार्ग जास्त सुरक्षित. दर दोन-तीन तासांनी, बाळ पितं तितक्याच वेळा दूध काढावं लागतं. आधी हात साबणाने धुवायचे, मास्क लावायचा, आणि पंपाचे भाग बाबांनी साबणाच्या गरम पाण्यात वेगळ्या टोपात धुवायचे. काढलेलं दूध खोलीच्या साधारण तापमानाला, म्हणजे २५ अंश सेल्सिअसपर्यंत, चार तास टिकतं आणि फ्रिजमध्ये चार दिवस. फक्त अंगावर पिणारं बाळ बाटली तोंडातून बाहेर ढकलेल, ही शक्यता मोठी. तेव्हा वाटी-चमचा वापरा. बाळाला उभट धरून चमचा खालच्या ओठावर टेकवायचा आणि त्याने स्वतः ओढून घेईपर्यंत थांबायचं. ओतायचं नाही, ठसका लागतो.

दुसरा मार्ग थेट पाजण्याचा. तो असा:

1. आईने खोकल्याचे शिंतोडे उडालेला वरचा कपडा बदलावा. छातीवर शिंतोडे असतील तर पाण्याने पुसावं, एरवी दर वेळी छाती धुण्याची गरज नाही.
2. मनगटापर्यंत साबणाने २० सेकंद हात धुवावेत. हाताला शेंबूड किंवा कफ लागला असेल तर सॅनिटायझरवर भागवू नये. ओल्या चिकट थरात तो नीट पोचत नाही.
3. बाळ खोलीत येण्याआधी मास्क लावावा, एन-९५ असेल तर उत्तम. लावल्यावर हात पुन्हा स्वच्छ करावेत. बाळाला मास्क कधीही लावू नये, गुदमरण्याचा धोका असतो.
4. आईने खिडकीतल्या पंख्याजवळ बसावं, म्हणजे हवा दाराकडून बाळावरून तिच्याकडे येऊन बाहेर जाईल.
5. पाजून झालं की बाळ लगेच बाबांकडे. ढेकर बाबांनी काढायची.

पाचवी पायरी हमखास विसरली जाते. पाजताना बाळाचं तोंड छातीशी असतं, पण ढेकर काढताना ते आईच्या खांद्यावर, थेट तिच्या तोंडाशेजारी येतं. पाच मिनिटं मास्क सांभाळून पाजायचं आणि नंतर दहा मिनिटं गालाला गाल लावून थोपटायचं, तर आधीच्या मेहनतीला फार अर्थ उरत नाही.

रात्री बाळ बाबांच्या खोलीत, स्वतःच्या सपाट अंथरुणावर, पाठीवर झोपवायचं. आईने झोप आणणारं सर्दीचं औषध घेतलं असेल, तर पाजताना शेजारी कुणी जागं हवंच.

औषधांतले खड्डे

पॅरासिटामॉल पाजणाऱ्या आईला चालतं. अडचण येते ती सर्दीच्या मिश्र गोळ्यांनी. त्यांच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतं, आणि तापाची वेगळी गोळी चालू असेल तर नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. शिवाय नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन त्यात असेल तर दूध कमी होऊ शकतं. एका घटकाचीच गोळी घ्या, आणि घेतल्याची वेळ लिहून ठेवा. ही वेळ पुढे विलगीकरण संपवतानाही लागते. ॲस्पिरिन पाजणाऱ्या आईने तापासाठी घेऊ नये. मुलांना फ्लूमध्ये ते मुळीच द्यायचं नसतं, त्यातून रे सिंड्रोम हा गंभीर आजार होऊ शकतो. मात्र आजोबा हृदयासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲस्पिरिन घेत असतील, तर ते मनाने बंद करू नका.

बाळाला मध नाही, खोकल्याचं औषध नाही, वाफ नाही. नाक चोंदलं तर सलाइनचे थेंब नाकात टाकून पाजण्याआधी साफ करावं.

कशावर नजर ठेवायची

बाळाचा श्वास मोजायला शिका. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना पोटाची वर-खाली हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, तान्ह्या बाळाचा श्वास मधेच थबकतो आणि आकडा चुकतो. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला, दोन महिन्यांच्या आत ही मर्यादा ६०. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जाणं, ओठ निळसर होणं, बाळ उठवूनही नीट जागं न होणं, आठ तास लंगोट कोरडा राहणं, दूध तोंडात न घेणं: यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालयात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) ताप भरला तर दुसरं कुठलंही लक्षण नसलं तरी त्याच वेळी दाखवायचं. आपल्या चार महिन्यांच्या बाळालाही, घरात फ्लू असताना ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

आजी-आजोबांच्या बाबतीत थर्मामीटर फसवतो. वय झाल्यावर फ्लूमध्ये ताप नसू शकतो किंवा अगदी थोडा असतो. आधी दिसतं ते वेगळंच: आजोबा वार विसरतात, असंबद्ध बोलतात, जेवण टाकतात, उठताना तोल जातो, एरवी आटोक्यात असलेली साखर वाढते. 'थकलेत' म्हणून सोडून देऊ नका. घरी पल्स ऑक्सिमीटर असेल तर निरोगी असतानाचा आकडा पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येईल. तो घसरून ९४च्या खाली आला तर लगेच डॉक्टरांना फोन, नव्वदच्या आसपास किंवा खाली असेल तर वाट न पाहता रुग्णालय. धाप किंवा छातीत दुखणं असेल तर आकडा चांगला असला तरी थांबू नये.

आईचा ताप उतरून एक-दोन दिवसांनी पुन्हा चढला तर दोन गोष्टी तपासा. खोकला वाढून कफ घट्ट आला, धाप लागली, तर फ्लूनंतरचा न्यूमोनिया असू शकतो. आणि एक स्तन लाल, गरम, दुखरा झाला असेल, तर तो स्तनदाह. आजारपणात दुधाच्या वेळा चुकल्या की गाठी होतात, आणि त्याचा ताप अंगदुखीसकट अगदी फ्लूसारखाच येतो. दोन्हींसाठी डॉक्टर गाठावे लागतात, आणि स्तनदाहातही दूध पाजणं किंवा काढणं चालूच ठेवायचं असतं.

बाबाही आजारी पडले तर

हे होऊ शकतं, म्हणून आधीच ठरवून ठेवा. अशा वेळी बाळ आजीकडे द्यायचा मोह होतो. तो टाळा. आईला त्याच विषाणूची लागण आधीच झालेली असते, तेव्हा दोघांनी पहिला भाग वाटून घ्यावा. दोघांपैकी ज्याला बरं वाटतंय त्याने मास्क लावून बाळ सांभाळावं. आईचा ताप गेला असेल तर इथून पुढे बाळासाठी घरातलं सगळ्यांत योग्य माणूस तीच असते. आजी-आजोबांनी ताटं दाराशी ठेवण्याचंच काम चालू ठेवावं.

दार कधी उघडायचं

तापाचं औषध न घेता पूर्ण २४ तास ताप नाही आणि बाकीची लक्षणंही उतरणीला लागली आहेत, या दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हायला हव्यात. आईने शेवटची पॅरासिटामॉल गुरुवारी सकाळी आठला घेतली असेल, तर तिचा परिणाम साधारण दुपारी दोनपर्यंत. तिथून ताप नसलेले तास मोजायचे. शुक्रवारी दुपारी दोनला चोवीस तास भरले आणि खोकलाही कमी झाला, तर खोलीचं दार उघडायला हरकत नाही. त्यापुढे आणखी पाच दिवस, म्हणजे पुढच्या बुधवारपर्यंत, घरात मास्क, वेगळं जेवण, वेगळी झोप आणि उघड्या खिडक्या. खोकला त्यानंतरही दोन आठवडे रेंगाळू शकतो. तो एकटा राहिला म्हणून विलगीकरण वाढवायचं कारण नाही.

आजी-आजोबांकडे बाळ देण्याचा दिवस याहून थोडा पुढचा. आईचा सातवा दिवस पुढच्या सोमवारी येतो. त्यात बाळाचे चार दिवस मिळवले की शुक्रवार. तोपर्यंत बाळाला ताप, शिंका, दूध कमी पिणं यातलं काही नसेल तर बाळ बिनघोर द्यावं. इतकं थांबणं जमत नसेल, तर बुधवारपासून आजी-आजोबांनी मास्क लावून, हात धुऊन, खिडकीजवळ बसून थोडा वेळ घ्यावं, पण पापा आणि खांद्यावर झोपवणं शुक्रवारनंतर.

बाळ सहा महिन्यांचं झालं की फ्लूच्या लशीसाठी वेळ घ्या. पहिल्या वर्षी किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. आई-बाबा आणि आजी-आजोबांपैकी कुणी या हंगामात लस घेतली नसेल, तर बरं झाल्यावर तेही घेऊ शकतात. एका प्रकारचा फ्लू होऊन गेला तरी त्याच हंगामात दुसऱ्या प्रकारचा होऊ शकतो, आणि लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात.